स्क्रीनशॉट काढला, पण गेला कुठे?

पडद्यावर वीजबिल भरल्याची पावती आली आहे. ती मुलाला पाठवायची, म्हणून काकांनी कळफलकावरचे PrtSc हे बटण दाबले. काहीच झाले नाही. ना आवाज, ना उजेड, ना कुठली चौकट. त्यांनी पुन्हा दाबले, जरा जोर लावून. मग आणखी दोनदा. शेवटी खिशातला मोबाइल काढून त्यांनी संगणकाच्या पडद्याचाच फोटो घेतला. त्यात पावतीपेक्षा डोक्यावरची ट्यूबलाइटच ठळक आली आणि अक्षरांवर आडव्या लाटा उमटल्या, तो भाग वेगळा.

गंमत अशी, की चारही वेळा पावतीचे चित्र निघाले होते. बटण बिघडलेले नव्हते आणि काकांचेही काही चुकले नव्हते. चित्र कुठे गेले, एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. ज्येष्ठ नागरिकांच्या संगणक वर्गात स्क्रीनशॉट शिकवताना बहुधा असेच होते. काढायचा कसा हे अर्ध्या मिनिटात सांगून होते आणि शोधायचा कुठे हे राहून जाते. म्हणून वर्गाच्या फळ्यावर लावायची सूचना दोन्ही गोष्टी सांगणारी हवी. विंडोज १० किंवा विंडोज ११ असलेल्या संगणकासाठी ती साधारण अशी असेल.

सूचना
ज्येष्ठ नागरिक संगणक वर्ग : स्क्रीनशॉट काढणे आणि शोधणे

१. जे जपून ठेवायचे आहे ते पडद्यावर पूर्ण दिसत आहे ना, हे आधी पाहावे. वर आलेल्या इतर चौकटी बंद कराव्यात.
२. चार चौकोनांची खूण असलेले विंडोजचे बटण डाव्या हाताने दाबून धरावे. ते कळफलकाच्या सर्वांत खालच्या ओळीत, Alt च्या शेजारी असते.
३. ते न सोडता उजव्या हाताने PrtSc एकदाच दाबावे. मग दोन्ही बटणे सोडावीत.
४. पडदा क्षणभर काळवंडेल. चित्र निघाले. पुन्हा दाबू नये.
५. आता विंडोजचे बटण आणि E एकत्र दाबावे. फाइलींची खिडकी उघडेल.
६. डाव्या बाजूला Pictures वर टिचकी मारावी. आत Screenshots नावाचे फोल्डर दिसेल, त्यावर दोनदा टिचकी मारावी.
७. सर्वांत नवी फाइल आपली. ती उघडून खात्री करावी.
८. चित्र बंद करून त्याच फाइलवर एकदा टिचकी मारावी, मग F2 दाबून तिला ओळखू येईल असे नाव द्यावे आणि Enter दाबावे.
लॅपटॉपसाठी : PrtSc आणि दुसरे एखादे नाव एकाच बटणावर छापलेले असेल, तर विंडोजच्या बटणाबरोबर Fn हेही दाबून धरावे लागू शकते.

आठ ओळींची ही सूचना पाठ करता येईल. पण नव्या लॅपटॉपवर किंवा नातवाच्या संगणकावर बसल्यावर एखादी ओळ जुळत नाही आणि मग सगळेच अडते. त्यासाठी ओळींच्या मागे काय चालते ते ठाऊक असलेले बरे.

पाटी आणि वही

संगणकात चित्र दोन ठिकाणी जाऊ शकते. पहिली जागा शाळेतल्या पाटीसारखी आहे. तिच्यावर एका वेळी एकच गोष्ट राहते, नवे लिहिले की जुने पुसले जाते आणि संगणक बंद केला की पाटी कोरी. या पाटीला क्लिपबोर्ड म्हणतात. दुसरी जागा वहीची. तिथे लिहिलेले उद्याही सापडते. संगणकातली वही म्हणजे डिस्कवर नाव देऊन ठेवलेली फाइल.

विंडोज १० मध्ये नुसते PrtSc दाबले, की संगणक पडद्यावरचे चित्र पाटीवर उतरवतो आणि गप्प बसतो. काकांचे चित्र तिथेच होते. त्यांनी चार वेळा बटण दाबले तेव्हा चार चित्रे साठली नाहीत. पहिले पुसून दुसरे आले, दुसरे पुसून तिसरे. पण चौथे तर तिथेच होते. त्यांनी पेंट किंवा वर्ड उघडून Ctrl आणि V एकत्र दाबले असते, तर पावती समोर अवतरली असती. तिथून Ctrl आणि S दाबून, नाव देऊन ती वहीत घेता आली असती.

मधल्या वेळात काकांनी दुसरा काही मजकूर कॉपी केला असता, तर मात्र पावती पुसली गेली असती. ‘मघाशी तर आला होता, आता नाही येत’ ही तक्रार इथूनच निघते. यावर एक उपाय आहे. विंडोजचे बटण आणि V दाबल्यावर एक छोटी चौकट येते आणि तिथे कॉपी केलेल्या गोष्टींची नोंदवही चालू करण्याची परवानगी मागितली जाते. ती दिली, की पुढे कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी त्या चौकटीत दिसत राहतात. परवानगी देण्यापूर्वीचे मात्र काही मिळत नाही आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, की मुद्दाम पिन केलेल्या गोष्टी सोडून बाकी यादी जाते.

सूचनेत PrtSc बरोबर विंडोजचे बटण दाबायला सांगितले आहे, ते याचसाठी. ही जोडी दाबली की चित्र पाटीवर तर जातेच, शिवाय त्याच क्षणी वहीतही उतरते. ही सोय २०१२ साली विंडोज ८ बरोबर आली. त्यापूर्वीच्या विंडोज ७ मध्ये ती नाही. एखाद्या घरात अजून तो जुना संगणक चालू असेल, तर तिथे पेंटमध्ये चिकटवण्याचाच मार्ग धरावा लागतो.

मग नुसत्या PrtSc ने काही दिसू नये, अशी रचना कोणी आणि का केली? बटण जुन्या काळचे आहे. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला, तेव्हा Shift बरोबर हे बटण दाबले की पडद्यावरचा मजकूर थेट जोडलेल्या प्रिंटरवर छापून येत असे. विंडोज आल्यावर छपाईचे काम सुटले, नाव तेच राहिले आणि चित्र निमूटपणे पाटीवर जाऊ लागले.

बटण तेच, वागणे निराळे

विंडोज ११ असलेल्या बऱ्याच संगणकांवर नुसते PrtSc दाबल्यावर वेगळाच प्रकार होतो. पडदा काळसर होतो, वरच्या बाजूला मध्यभागी एक लहान पट्टी येते आणि माउसचा बाण अधिकच्या खुणेसारखा दिसू लागतो. पहिल्यांदा हे पाहणारा घाबरतो. संगणक अडकला असे वाटून काही जण थेट बंद करायचे बटण दाबतात. तसे करायचे कारण नाही. पडद्यावरचा नेमका कोणता भाग हवा, असे संगणक विचारतो आहे. माउसचे डावे बटण दाबून धरून हव्या त्या भागाभोवती चौकोन ओढला की तेवढाच तुकडा निघतो. नको असेल तर Esc दाबावे, पडदा पूर्ववत होतो.

हे काम स्निपिंग टूल नावाच्या अवजाराचे आहे. विंडोजचे बटण, Shift आणि S अशी तीन बटणे एकत्र दाबूनही ते उघडते. PrtSc सापडतच नसेल, तर ही तिकडी कामाची. मात्र तुकडा काढून झाल्यावर तो कुठे जातो, हे विंडोजची कोणती आवृत्ती आहे त्यावर ठरते. विंडोज १० मध्ये तो फक्त पाटीवर जातो. उजव्या कोपऱ्यात थोडा वेळ एक चौकट तरंगते. तिच्यावर टिचकी मारून तुकडा उघडला आणि जतन केला, तरच तो वहीत उतरतो. चौकट काही क्षणांत निघून जाते आणि सावकाश वाचणाऱ्या माणसाची संधी हुकते. अद्ययावत विंडोज ११ मध्ये तोच तुकडा आपोआप Screenshots मध्ये जतन होतो. एका वर्गात दोन्ही प्रकारचे संगणक असले, तर शेजारी बसलेल्या दोघांना तीच बटणे दाबून वेगवेगळा अनुभव येतो आणि शिकवणाऱ्याची पंचाईत होते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी घराघरांत ते संगणक आहेतच.

विंडोजचे बटण अधिक PrtSc ही जोडी ८, १० आणि ११ या तिन्ही आवृत्त्यांत सारखीच वागते. सर्वांसाठी एकच सूचना लावायची तर हीच जोडी निवडावी. तिच्यात काटछाट होत नाही, अख्खा पडदा येतो. पण त्याचा एक फायदाही आहे, तो पुढे येईल.

चौथ्या ओळीतल्या काळवंडण्याबद्दल मात्र एक सांगायला हवे. ज्या संगणकावर खिडक्यांच्या हालचालींचे दृश्यपरिणाम बंद केलेले असतात, तिथे पडदा काळवंडत नाही. तो काळवंडला नाही म्हणून चित्र निघाले नाही, असे समजू नये. खरी खात्री फोल्डर उघडूनच होते.

शोधण्याची अर्धी कसरत

Screenshots हे फोल्डर आधीपासून तिथे असतेच असे नाही. पहिला स्क्रीनशॉट काढला की विंडोज ते स्वतः तयार करतो. म्हणून नव्या संगणकावर सूचनेची सहावी ओळ आधी करून पाहिली, तर हे फोल्डर दिसणार नाही.

आतल्या फाइलींची नावे Screenshot (1), Screenshot (2) अशी पुढे पुढे जातात. मधल्या फाइली पुसून टाकल्या तरी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत नाही. विंडोज मागचा आकडा लक्षात ठेवतो. फोल्डरमध्ये तीनच चित्रे असताना शेवटच्याचे नाव Screenshot (41) असले, तर बाकीची हरवली असा त्याचा अर्थ नाही. स्निपिंग टूलने जतन केलेल्या तुकड्यांच्या नावात आकड्याऐवजी तारीख आणि वेळ असते. दोन्ही प्रकारच्या फाइली एकत्र आल्या की नावावरून नवी कोणती ते कळत नाही. अशा वेळी फोल्डरमधल्या रिकाम्या जागेवर माउसचे उजवे बटण दाबून Sort by मधून तारखेचा पर्याय निवडावा. नवी फाइल एका टोकाला येते.

सूचनेप्रमाणे सगळे केले, तरी फोल्डर रिकामेच निघाले तर? नेहमीचे कारण म्हणजे वनड्राइव्ह. मायक्रोसॉफ्टची ही साठवण सेवा विंडोजबरोबरच येते आणि सुरुवातीच्या मांडणीत कुठेतरी ‘हो’ म्हटलेले असले, की Pictures फोल्डर तिच्या ताब्यात जाते. मग चित्रे OneDrive नावाच्या फोल्डरात, त्यातल्या Pictures मध्ये आणि त्यातल्या Screenshots मध्ये जाऊन बसतात. एकाच संगणकावर Pictures नावाची दोन फोल्डरे दिसू लागतात आणि माणूस नेमके चुकीचे उघडतो.

इथे एक छोटी युक्ती उपयोगी पडते. विंडोजचे बटण आणि R दाबले की डाव्या कोपऱ्यात एक लहान चौकट येते. तिच्यात पुढील शब्द जसाच्या तसा, मध्ये जागा न सोडता लिहावा आणि Enter दाबावे.

```
shell:screenshots
```

फोल्डर कुठे हलवलेले आहे हे विंडोजला माहीत असते. या शब्दावर तो तेच उघडून देतो, पत्ता आपल्याला शोधावा लागत नाही. सूचनेच्या तळाशी ही ओळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे.

पावती मुलापर्यंत

आता काकांची पावती पुन्हा घेऊ. पैसे भरल्याचा संदेश पडद्यावर आहे, त्यात ग्राहक क्रमांक, रक्कम आणि व्यवहार क्रमांक दिसतो आहे. पावतीवर एक जाहिरातीची चौकट आली आहे, ती काकांनी फुलीवर टिचकी मारून बंद केली. पावतीचा खालचा भाग दिसत नव्हता, म्हणून Ctrl दाबून धरून वजाबाकीच्या खुणेचे बटण दोनदा दाबले. पान लहान झाले आणि पूर्ण पावती मावली. मग विंडोजचे बटण धरून PrtSc. पडदा क्षणभर काळवंडला.

त्यानंतर विंडोजचे बटण आणि E, डावीकडे Pictures, आत Screenshots. शेवटची फाइल उघडून पाहिली, व्यवहार क्रमांक वाचता येतो आहे. खिडकी बंद करून त्याच फाइलवर एकदा टिचकी आणि F2. जुने नाव निळे झाले. काकांनी ‘वीजबिल जून’ असे लिहून Enter दाबले. काही संगणकांवर नावाच्या शेवटी .png अशी अक्षरे दिसतात. ती तशीच राहू द्यावीत. ती पुसली, तर फाइल कशाने उघडायची हे संगणकाला कळत नाही.

ही अक्षरे फाइलचा प्रकार सांगतात. पीएनजी प्रकारात पडद्यावरचा प्रत्येक ठिपका जसाच्या तसा राहतो. साधारण लॅपटॉपच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे वीस लाखांहून जास्त. त्यातला एकही न गमावता फाइल आटोपशीर करण्याची रीत या प्रकारात आहे, म्हणून बारीक अक्षरांच्या कडा स्वच्छ येतात. तीच पावती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली, की ते ॲप चित्र दाबून लहान करते आणि आकडे थोडे धूसर होतात. फोटो म्हणून न पाठवता Document म्हणून जोडली, तर फाइल मुळात होती तशीच पोहोचते.

जे चित्रात येत नाही

स्क्रीनशॉट हा कॅमेऱ्याचा फोटो नव्हे. पडद्यावर दाखवण्यासाठी संगणकाने स्मृतीत जे ठिपके मांडून ठेवलेले असतात, त्यांची ती नक्कल असते. त्यामुळे ट्यूबलाइट त्यात येत नाही, काचेवरची धूळ येत नाही; आणि पान खाली सरकवल्यावर जे दिसले असते तेही येत नाही. चार पानी बँक विवरणासाठी स्क्रीनशॉट हे अवजारच चुकीचे. तिथे Ctrl आणि P दाबून, प्रिंटरच्या यादीतून Save as PDF किंवा Microsoft Print to PDF निवडावे. सगळी पाने एका फाइलमध्ये मिळतात.

माउसचा बाणही बहुधा चित्रात नसतो, कारण तो बाकीच्या चित्रावर वेगळा रेखाटला जातो. काही चित्रपट-मालिकांच्या सेवांचा स्क्रीनशॉट काढला तर दृश्याच्या जागी काळा चौकोन येतो. नक्कल होऊ नये म्हणून त्यांनी मुद्दाम केलेली ती व्यवस्था आहे. संगणक दुरुस्तीला न्यायची गरज नाही.

पाठवण्याआधी एकदा

अख्खा पडदा येतो म्हणजे खरोखर सगळे येते. शेजारच्या खिडकीतली खात्यातली शिल्लक, वर आलेला ओटीपी, आधार क्रमांक. म्हणून पाठवण्याआधी चित्र उघडून कडेकडेने नजर फिरवावी आणि नको तो भाग कापावा.

कापलेला भाग खरोखर जातो का, हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. २०२३ च्या मार्च महिन्यात सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन या दोघांनी गुगलच्या पिक्सेल फोनमधला एक दोष उघड केला. स्क्रीनशॉट कापून त्याच फाइलवर पुन्हा जतन केला, तर लहान झालेल्या नव्या चित्राच्या मागे जुन्या चित्राचा उरलेला भाग फाइलमध्ये तसाच राहत होता आणि तो बऱ्याच प्रमाणात परत मिळवता येत होता. लगेच लक्षात आले, की विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये आणि विंडोज १० च्या तशाच अवजारातही हाच दोष आहे. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. ज्या संगणकावर त्यानंतर ही अवजारे अद्ययावत झाली आहेत, तिथे ही भीती नाही. तरी कापलेले चित्र नव्या नावाने जतन करणे चांगले. मूळ चित्रही हाताशी राहते आणि पाठवायची फाइल स्वच्छ असते.

आता अख्ख्या पडद्याचा तो फायदा. उजव्या खालच्या कोपऱ्यात विंडोजचे घड्याळ असते, वेळ आणि तारीख दोन्ही दाखवणारे. विंडोजच्या बटणासह काढलेल्या चित्रात ते आपोआप येते, शिवाय वर संकेतस्थळाचा पत्ताही येतो. ऑनलाइन फसवणूक झाली असेल, तर हे दोन्ही कामाचे ठरतात. अशा वेळी समोरच्याचे संदेश, पैसे गेल्याची नोंद आणि संकेतस्थळाचा पत्ता यांचे स्क्रीनशॉट न कापता काढून ठेवावेत आणि उशीर न करता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन करावा. त्यानंतर cybercrime.gov.in या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवताना हीच चित्रे पुरावा म्हणून जोडता येतात. वर्गाच्या फळ्यावर सूचना लावणाऱ्यांनी आठव्या ओळीखाली १९३० हा आकडाही ठळक लिहावा.